पेइंग गेस्ट किंवा घरातील खोलीच्या भाड्यावरील प्राप्तिकर आणि मिळणाऱ्या वजावटी

भिलईत प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी बाहेरगावाहून येणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या मोठी आहे. तांत्रिक विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालये आणि आयआयटी भिलई यांमुळेही खोल्यांना मागणी असते. नेहरू नगर, स्मृती नगर, वैशाली नगर, जुनवानी या भागांत अनेक घरमालक वरच्या मजल्यावरील एक-दोन खोल्या विद्यार्थ्यांना देतात. बहुतेक ठिकाणी राहणे आणि जेवण मिळून महिन्याची एकच रक्कम ठरलेली असते. कराच्या बाबतीत नेमकी ही एकच रक्कम अडचणीची ठरते. खोलीचे भाडे आणि जेवणाचे पैसे यांना कायद्याचे वेगवेगळे नियम लागतात. दोन्ही वेगळे न दाखवल्यास आपला कर वाढू शकतो.

या लेखात स्वतःच्या राहत्या घरातील खोली भाड्याने देणाऱ्या व्यक्तीचे उत्पन्न कसे मोजावे आणि त्यातून कोणत्या रकमा वजा करता येतात, याची माहिती दिली आहे. उदाहरण आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, म्हणजे १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातील आहे.

हे उत्पन्न कोणत्या शीर्षाखाली येते?

प्राप्तिकर कायदा १९६१ प्रमाणे उत्पन्नाची पाच शीर्षे आहेत. त्यांपैकी 'घरमालमत्तेपासूनचे उत्पन्न' या शीर्षाचे नियम कलम २२ ते २७ मध्ये आहेत.

पूर्वी काही घरमालक पेइंग गेस्टचे सर्व उत्पन्न धंद्याचे उत्पन्न म्हणून दाखवत असत. त्यातून रंगकाम, वीज, फर्निचरचा घसारा, सफाई कामगाराचा पगार असे सर्व खर्च वजा केले जात. २०२४ च्या वित्त (क्रमांक २) अधिनियमाने कलम २८ मध्ये स्पष्टीकरण जोडून हा मार्ग बंद केला. मालकाने निवासी घर किंवा घराचा काही भाग भाड्याने दिल्यास त्याचे उत्पन्न धंद्याखाली दाखवता येत नाही. ते घरमालमत्तेपासूनचे उत्पन्नच धरले जाते. हा नियम कर निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून, म्हणजे १ एप्रिल २०२४ पासून मिळालेल्या भाड्याला लागू आहे.

१ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. भाड्याचे उत्पन्न मोजण्याची पद्धत आणि ३० टक्के वजावट मात्र कायम आहे.

आपण कायद्याने 'मालक' आहात का?

घरमालमत्तेचे शीर्ष फक्त मालकाला लागू होते. भिलईत हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण टाऊनशिपमधील क्वार्टर्स भिलाई स्टील प्लांटची आहेत. आपल्या घराच्या कागदपत्रांप्रमाणे पुढीलपैकी कोणती स्थिती आहे ते पाहावे.

- घर आपल्या नावावर असल्यास आपण मालक आहात. घर पती-पत्नी दोघांच्या नावावर असून हिस्से ठरलेले असल्यास भाड्याचे उत्पन्न त्या हिश्श्यांप्रमाणे दोघांत विभागले जाते.
- घर दीर्घ मुदतीच्या लीजवर घेतले असून मुदत, वाढवून मिळणाऱ्या काळासह, १२ वर्षांपेक्षा कमी नसल्यास कलम २७ प्रमाणे लीजधारकच मालक मानला जातो. त्याला या लेखातील वजावटी मिळतात. लीजच्या अटींप्रमाणे खोली भाड्याने देता येते का, हा वेगळा प्रश्न आहे. त्यासाठी लीजचा दस्त वाचावा.
- क्वार्टर नोकरीमुळे मिळालेले असल्यास किंवा घर आपणच भाड्याने घेतलेले असल्यास आपण मालक नाही. अशा घरातील खोली दुसऱ्याला देऊन मिळालेले पैसे सामान्यतः 'इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न' होतात आणि त्यावर ३० टक्के वजावट मिळत नाही. शिवाय वाटपाच्या अटींचा भंग होऊन क्वार्टर गमावण्याची वेळ येऊ शकते.

भाडे कोणाच्या खात्यात जमा होते यावर मालकी ठरत नाही. घर वडिलांच्या नावावर असेल आणि विद्यार्थी मुलाच्या मोबाईलवर यूपीआयने पैसे पाठवत असतील, तरी ते उत्पन्न वडिलांच्या विवरणपत्रातच दाखवावे लागते.

भाड्याचे उत्पन्न मोजण्याचे टप्पे

पहिला टप्पा वर्षभराच्या भाड्याचा आहे. परिसरात तशा खोलीला मिळू शकणारे वाजवी भाडे आणि प्रत्यक्षात मिळालेले किंवा येणे असलेले भाडे यांची तुलना करून जास्त असलेली रक्कम धरली जाते. खोली भाड्याने दिलेली असून मध्ये काही महिने रिकामी राहिल्यामुळे भाडे कमी मिळाले असेल, तर प्रत्यक्षातील कमी रक्कम धरता येते. परीक्षा संपल्यावर एप्रिल-मेमध्ये मुले घरी जातात आणि नवीन मुले जूननंतर येतात. अशा रिकाम्या महिन्यांचे भाडे आपल्या उत्पन्नात धरले जात नाही. ओळखीच्या मुलाला मुद्दाम कमी भाड्यात ठेवले असल्यास मात्र ही सवलत मिळत नाही, कारण तेथे भाडे कमी असण्याचे कारण रिकामी खोली हे नसते.

दुसऱ्या टप्प्यात महानगरपालिकेचा संपत्तिकर वजा होतो. त्यासाठी दोन अटी आहेत. कर मालकानेच भरलेला असावा आणि त्याच आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेला असावा. मार्चचा कर एप्रिलमध्ये भरल्यास त्याची वजावट पुढच्या वर्षी मिळते. मागील वर्षांची थकबाकी या वर्षी भरल्यास भाड्याच्या भागापुरती तीही या वर्षी वजा होते.

उरलेल्या रकमेला निव्वळ वार्षिक मूल्य म्हणतात. तिसऱ्या टप्प्यात या रकमेच्या सरळ ३० टक्के वजावट मिळते. यासाठी कोणतेही बिल लागत नाही. वर्षभरात एक रुपयाही खर्च झाला नसला तरी ३० टक्के मिळतात आणि छत गळून मोठी दुरुस्ती करावी लागली तरी ३० टक्केच मिळतात. रंगकाम, प्लंबर, खाट, गादी, कूलर, वायफाय, दलाली, जिना झाडणाऱ्या बाईंचा पगार हे सर्व खर्च याच ३० टक्क्यांत आले असे कायदा मानतो. ते वेगळे दाखवता येत नाहीत.

चौथ्या टप्प्यात कर्जावरील व्याज वजा होते. घर किंवा खोली विकत घेणे, बांधणे, दुरुस्त करणे किंवा नव्याने उभारणे यासाठी कर्ज घेतलेले असावे. भाड्याने दिलेल्या भागाच्या व्याजाला रकमेची कमाल मर्यादा नाही. हप्त्यातील मुद्दलाचा भाग येथे वजा होत नाही. बँकेकडून व्याजाचे वार्षिक प्रमाणपत्र घ्यावे आणि त्यातील फक्त व्याजाची रक्कम वापरावी.

राहता भाग आणि भाड्याचा भाग

घराचा काही भाग स्वतः वापरत असल्यास दोन्ही भागांची मोजणी वेगवेगळी करावी लागते. स्वतःच्या वापरातील भागाचे वार्षिक मूल्य शून्य धरले जाते. त्यामुळे त्या भागाचा संपत्तिकर वजा होत नाही. भाड्याच्या भागाच्या वाट्याला येणारा संपत्तिकर आणि व्याजच येथे घेता येते. वाटा साधारणपणे क्षेत्रफळावरून काढतात. एकूण बांधकाम १५०० चौरस फूट आणि भाड्याच्या खोल्या, त्यांच्या बाथरूमसह, ५०० चौरस फूट असल्यास वाटा एक तृतीयांश होतो. हे माप एका कागदावर लिहून ठेवावे आणि दरवर्षी तेच प्रमाण वापरावे.

कर्ज फक्त वरच्या खोल्या बांधण्यासाठी घेतले असेल आणि मंजुरीपत्र व खर्चाच्या पावत्यांवरून ते दिसत असेल, तर त्याचे पूर्ण व्याज भाड्याच्या भागाचे मानता येते.

जेवणाचे पैसे वेगळे का दाखवावेत?

खोली देणे म्हणजे जागा वापरायला देणे होय. दोन वेळचे जेवण, नाश्ता किंवा कपडे धुऊन देणे या सेवा आहेत. सेवेसाठी किराणा, गॅस आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीचा पगार असा खरा खर्च होतो. असे काम नियमित चालत असल्यास ते धंद्याचे उत्पन्न ठरते आणि प्रत्यक्ष झालेला खर्च त्यातून वजा होतो. जेवणावरचा खर्च सहसा मिळालेल्या रकमेच्या ३० टक्क्यांहून पुष्कळ जास्त असतो. सर्व रक्कम भाडे म्हणून दाखवली तर किराण्याचा खर्च वजा करायला जागाच राहत नाही.

म्हणून विद्यार्थ्याबरोबर ठरवतानाच दोन आकडे लिहावेत आणि पावतीवरही दोन ओळी ठेवाव्यात. पहिल्या ओळीत खोलीचे भाडे आणि दुसऱ्या ओळीत जेवणाचे शुल्क असावे. वीज वेगळ्या सबमीटरप्रमाणे घेत असल्यास तिची तिसरी ओळ ठेवावी. मीटरप्रमाणे घेऊन बिलात भरलेले पैसे भाडे नसतात. वीज भाड्यातच धरली असल्यास मात्र पूर्ण रक्कम भाडे ठरण्याची शक्यता असते.

दोन आकडे खरे असले पाहिजेत. खात्री करण्याची सोपी रीत अशी आहे. आपल्या गल्लीत जेवणाशिवाय तशी खोली किती रुपयांना मिळते आणि जवळच्या मेसमध्ये महिन्याच्या डब्याचा दर काय आहे, ते पाहावे. आपली विभागणी या दरांच्या आसपास असावी. भाडे कमी दिसावे म्हणून जेवणाचा आकडा फुगवल्यास तो टिकत नाही, कारण किराण्याच्या बिलांशी त्याचा मेळ बसत नाही.

जेवणाचे काम पत्नी स्वतःच्या पैशांतून करत असेल, खरेदी तिच्या खात्यातून होत असेल आणि शुल्कही तिच्याच खात्यात येत असेल, तर ते उत्पन्न तिचे ठरते. खोलीचे भाडे तरीही घरमालकाचेच राहते.

उदाहरण

समजा, नेहरू नगरमधील एका घरमालकाने वरच्या मजल्यावरील दोन खोल्यांत चार विद्यार्थी ठेवले आहेत. घराचे बांधकाम १५०० चौरस फूट असून भाड्याचा भाग ५०० चौरस फूट आहे. प्रत्येक विद्यार्थी महिन्याला ७,००० रुपये देतो. त्यात ३,५०० रुपये खोलीचे आणि ३,५०० रुपये जेवणाचे आहेत. वर्षात दोन महिने खोल्या रिकाम्या होत्या. पूर्ण घराचा संपत्तिकर ९,००० रुपये भरला आहे. वरच्या खोल्या बांधण्यासाठी घेतलेल्या कर्जावर वर्षात ४८,००० रुपये व्याज दिले आहे.

| तपशील | रुपये |
|---|---|
| खोल्यांचे भाडे (३,५०० × ४ विद्यार्थी × १० महिने) | १,४०,००० |
| वजा: संपत्तिकराचा एक तृतीयांश वाटा | ३,००० |
| निव्वळ वार्षिक मूल्य | १,३७,००० |
| वजा: ३० टक्के | ४१,१०० |
| वजा: कर्जावरील व्याज | ४८,००० |
| घरमालमत्तेपासूनचे करपात्र उत्पन्न | ४७,९०० |

जेवणाचेही १,४०,००० रुपये जमा झाले. किराणा, भाजी, गॅस आणि स्वयंपाकाच्या बाईंचा पगार मिळून १,०५,००० रुपये खर्च झाला. या कामाचा नफा ३५,००० रुपये आहे. दोन्ही मिळून करपात्र उत्पन्न ८२,९०० रुपये होते.

आता याच घरमालकाने दोन आकडे न करता पूर्ण २,८०,००० रुपये भाडे म्हणून दाखवले असे समजा. संपत्तिकर वजा जाता २,७७,००० रुपये उरतात. त्याचे ३० टक्के म्हणजे ८३,१०० रुपये आणि व्याजाचे ४८,००० रुपये वजा केल्यावर करपात्र उत्पन्न १,४५,९०० रुपये येते. मिळालेले पैसे तेवढेच आणि झालेला खर्चही तेवढाच आहे. तरीही करपात्र उत्पन्न ६३,००० रुपयांनी वाढले.

प्रत्यक्ष कर किती बसतो?

हा घरमालक निवृत्त कर्मचारी असून पेन्शन व ठेवींवरील व्याजाचे त्याचे इतर करपात्र उत्पन्न ४,५०,००० रुपये असेल, तर एकूण उत्पन्न ५,३२,९०० रुपये होते. नवीन कर प्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७अ ची सूट असल्यामुळे त्याला कर भरावा लागत नाही. उत्पन्न ४ लाखांच्या मूळ सवलत मर्यादेपेक्षा जास्त असल्यामुळे विवरणपत्र मात्र भरावेच लागते. "कर शून्य आहे, म्हणून विवरणपत्र नको" हा समज चुकीचा आहे.

नोकरीत असलेल्या घरमालकाचे चित्र वेगळे असते. पगार १२,५०,००० रुपये असल्यास ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन ११,७५,००० रुपये उरतात आणि कर शून्य येतो. त्यात खोली व जेवणाचे ८२,९०० रुपये मिळवल्यावर उत्पन्न १२,५७,९०० रुपये होते आणि सूट संपते. दरपत्रकाप्रमाणे कर ६८,६८५ रुपये येतो. १२ लाखांपेक्षा थोडेच जास्त उत्पन्न असणाऱ्यांसाठी सीमांत सवलत आहे. त्यामुळे कर १२ लाखांवरील रकमेपेक्षा, म्हणजे ५७,९०० रुपयांपेक्षा जास्त घेतला जात नाही. ४ टक्के उपकर धरून ६०,२१६ रुपये भरावे लागतात. विभागणी न करता १,४५,९०० रुपये दाखवले असते, तर एकूण उत्पन्न १३,२०,९०० रुपये होऊन उपकरासह कर सुमारे ८१,२६० रुपये झाला असता. पगार या सीमेजवळ असणाऱ्यांनी वर्ष संपण्यापूर्वीच हा हिशेब करून पाहावा.

नवीन आणि जुन्या कर प्रणालीतील फरक

संपत्तिकर, ३० टक्के आणि भाड्याच्या भागाचे व्याज या तिन्ही वजावटी दोन्ही प्रणालींत मिळतात. फरक दोन ठिकाणी पडतो.

पहिला फरक स्वतःच्या वापरातील भागाच्या व्याजाचा आहे. जुन्या प्रणालीत ते अटींच्या अधीन राहून कमाल २ लाख रुपयांपर्यंत वजा होते. नवीन प्रणालीत ते मिळत नाही.

दुसरा फरक तोट्याचा आहे. व्याज जास्त असल्यामुळे घरमालमत्तेत तोटा आला, तर जुन्या प्रणालीत २ लाख रुपयांपर्यंतचा तोटा पगारासारख्या इतर उत्पन्नातून वजा करता येतो आणि उरलेला तोटा पुढील आठ वर्षांपर्यंत घरमालमत्तेच्या उत्पन्नातून वजा करता येतो. नवीन प्रणालीत हा तोटा पगारातून वजा होत नाही.

अनामत रक्कम

खोली देताना घेतलेली आणि परत करायची अनामत रक्कम भाडे नसते, त्यामुळे ती उत्पन्नात धरली जात नाही. विद्यार्थ्याने शेवटच्या महिन्याचे भाडे न देता "अनामतीतून कापून घ्या" असे सांगितल्यास तेवढी रक्कम त्या महिन्याचे भाडे होते आणि उत्पन्नात दाखवावी लागते.

विवरणपत्र भरताना होणाऱ्या चुका

- जेवणाचे उत्पन्न धंद्याखाली दाखवायचे असल्यास आयटीआर-१ हा फॉर्म चालत नाही. लहान धंद्यासाठी कलम ४४अड ची अंदाजित उत्पन्नाची पद्धत वापरणाऱ्यांना इतर अटी पूर्ण होत असल्यास आयटीआर-४ वापरता येतो. खर्चाचा पूर्ण हिशेब दाखवणाऱ्यांनी आयटीआर-३ भरावा.
- खोलीत नोकरदार व्यक्ती राहत असल्यास ती घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी आपल्या कंपनीला भाड्याच्या पावत्या देते. वर्षाचे भाडे एक लाख रुपयांपेक्षा जास्त असल्यास घरमालकाचा पॅनही द्यावा लागतो. त्यामुळे आपण न दाखवलेले भाडे प्राप्तिकर विभागाला दुसऱ्या बाजूने दिसू शकते. विवरणपत्र भरण्यापूर्वी ई-फायलिंग पोर्टलवरील वार्षिक माहिती विवरण उघडून पाहावे.
- पूर्ण घराचा संपत्तिकर किंवा पूर्ण घराच्या कर्जाचे व्याज भाड्याच्या भागावर टाकू नये. वरील उदाहरणात कर्ज पूर्ण घराचे असते, तर ४८,००० ऐवजी फक्त १६,००० रुपये व्याज वजा झाले असते आणि घरमालमत्तेचे उत्पन्न ७९,९०० रुपये आले असते.

जपून ठेवायची कागदपत्रे

प्रत्येक विद्यार्थ्याबरोबरचा करार किंवा साधे ठरावपत्र, दोन ओळींच्या पावत्यांची स्थळप्रत, संपत्तिकर भरल्याची पावती, बँकेचे व्याज प्रमाणपत्र आणि क्षेत्रफळाचे माप एका फाईलमध्ये ठेवावे. जेवणासाठी एक वही पुरते. त्यात तारखेनुसार किराणा, भाजी, गॅस सिलिंडर आणि पगाराची नोंद करावी. घरच्यांचे आणि विद्यार्थ्यांचे जेवण एकाच चुलीवर होत असल्यास माणसांच्या संख्येप्रमाणे खर्च विभागावा. घरात तीन आणि विद्यार्थी चार असतील, तर एकूण किराण्याचे सातपैकी चार भागच धंद्याच्या खर्चात घ्यावेत. खोल्या रिकाम्या असलेल्या महिन्यांचीही नोंद याच वहीत करावी, म्हणजे भाडे दहाच महिन्यांचे का आहे हे विचारल्यास दाखवता येते.